शहाऐंशी हजारांचा जुलै

खर्च टिपणारं ॲप महिना संपला की एक ठळक आकडा दाखवतं: या महिन्यात तुम्ही इतके रुपये खर्च केले. पगारदार माणूस तो आकडा लगेच पगाराशी ताडून बघतो. माझ्या भाचीने 2025च्या जुलैअखेरीला तसंच केलं. तिच्या हातात येणारा पगार 54,200 रुपये, आणि ॲपने खर्च दाखवला 86,090.

ती नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते, त्रिमूर्तीनगरला भाड्याने राहते. तिची आई, म्हणजे माझी ताई, वर्ध्याला असते. भाची दर महिन्याला ताईला पाच हजार पाठवते. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तिचा मला फोन आला. "मावशी, या महिन्यात मी आईला दोनच हजार पाठवून राहिली. माझं गणित पूर्ण बिघडलं आहे. पगारापेक्षा जास्त खर्च होऊन राहिला." आवाज रडवेला होता. मी म्हटलं, "उद्या मोबाइल घेऊन घरी ये. आईच्या पैशांचं काय करायचं ते आकडे बघून ठरवू."

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे. बँकेचं स्टेटमेंट आणि आमची वही यांचा ताळमेळ लावणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे 54,200 पगाराच्या मुलीने कर्ज न काढता, कुणाकडून उसने न घेता महिन्यात 86,090 खर्च केले हे मला पटेना. खात्यात आलेच नाहीत ते पैसे जातील कुठून? आधीची शिल्लक मोडली असती तर खातं रिकामं दिसलं असतं, आणि तिचं खातं तसं नव्हतं.

गोंधळ कुठे होतो हे कळायला ॲपला माहिती कशी मिळते ते आधी बघायला हवं. आपल्याकडची बरीचशी ॲपं बँकेचे एसएमएस वाचतात. प्रत्येक व्यवहारानंतर बँक अशा धर्तीचा एक मेसेज पाठवते:

```
Rs.180.00 debited from A/c XX4521 on 12-07-25. UPI Ref 5193XXXXXXXX
```

ॲप त्यातून चार गोष्टी उचलतं: रक्कम, खात्याचे शेवटचे आकडे, तारीख आणि `debited` हा शब्द. पैसे कुणाला गेले त्याचं नाव काही बँका देतात, काही देत नाहीत. 180 रुपये कशासाठी गेले हे त्या मेसेजमध्ये कुठेच नसतं. आयफोनवर दुसऱ्या ॲपला एसएमएस वाचताच येत नाहीत, त्यामुळे तिथे हा मार्गच बंद. दुसरा रस्ता अकाउंट ॲग्रिगेटरचा. रिझर्व्ह बँकेने त्याचे नियम 2016मध्ये काढले आणि 2021च्या सप्टेंबरात ही व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली. यात तुमच्या संमतीने बँकेकडून खात्याच्या नोंदी एका मध्यस्थामार्फत ॲपकडे येतात. नोंदी जास्त नीट असतात, एखादा मेसेज हुकण्याची भीती नसते. पण इथेही ॲपला कळतं ते एवढंच की या खात्यातून इतके पैसे बाहेर पडले.

खात्यातून बाहेर पडलेला प्रत्येक रुपया हा खर्च नसतो. हिशेबाचं काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे टाकले किंवा बँकेतून रोख काढली की आम्ही एफ4 दाबून कॉन्ट्राची नोंद करतो, पेमेंटची करत नाही. कॉन्ट्राने पैसा जागा बदलतो, नफातोट्याला हात लागत नाही. ॲपला मात्र हा फरक अंदाजाने ओळखावा लागतो, आणि अंदाज चुकला की महिन्याचा आकडा फुगतो.

रविवारी भाची आली तेव्हा मी खर्चाचा आकडा बाजूला ठेवला आणि तिला आधी उत्पन्नाचा आकडा उघडायला सांगितला. पगारदार माणसाची ही मोठी सोय आहे. धंदेवाल्याला आपलं महिन्याचं उत्पन्न नेमकं सांगता येत नाही, पगारदाराला ते रुपयापर्यंत पाठ असतं. म्हणून ॲप बरोबर चाललंय की नाही याची पहिली परीक्षा उत्पन्नाच्या बाजूने घ्यावी. तिच्या ॲपवर जुलैचं उत्पन्न दिसत होतं 74,399. पगार एकच, 54,200. म्हणजे 20,199 रुपये असे होते की जे तिने कमावलेच नव्हते, तरी ॲपने उत्पन्नात धरले होते. उत्पन्नात जे उगाच वाढलंय ते बहुतेक वेळा खर्चातही कुठेतरी उगाच वाढलेलं असतं. ती म्हणाली, "इकडे तर मी पाहिलंच नव्हतं." बहुतेक जण बघत नाहीत.

मग आम्ही नोंदी एकेक करून उघडल्या. तिची दोन बँक खाती आहेत. एकात पगार येतो. दुसरं कॉलेजच्या वेळचं, आणि तिचं यूपीआय त्या जुन्या खात्याला जोडलेलं आहे. दुकानातल्या रोजच्या व्यवहारात पगाराचं खातं उघडं पडू नये म्हणून ती महिन्याच्या सुरुवातीला पंधरा हजार पगाराच्या खात्यातून जुन्या खात्यात टाकते आणि महिनाभर तिथून खर्च करते. ही शिस्त मला मनापासून आवडली. पण ॲपने काय केलं, तर पगाराच्या खात्यातून पंधरा हजार गेले म्हणून खर्च लिहिला, जुन्या खात्यात पंधरा हजार आले म्हणून उत्पन्न लिहिलं, आणि त्याच पंधरा हजारांतून किराणा आणि पेट्रोल घेतलं तेव्हा तो खर्च पुन्हा लिहिला. एकच रक्कम दोनदा खर्ची पडली. दोन्ही मेसेज एका वेळी आले आणि रक्कम तंतोतंत जुळली तर चांगली ॲपं स्वतःहून ओळखतात की हा माणूस स्वतःलाच पैसे पाठवतोय. इथे जुन्या बँकेचा मेसेज उशिरा आला होता आणि त्यात पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. ही जोडी ओळखायची खूण सोपी आहे: एका खात्यातून गेलेली आणि दुसऱ्यात आलेली रक्कम पैशापैशाने सारखी असते. पंधरा हजार वजा केले. खर्च उरला 71,090.

दुसरी नोंद क्रेडिट कार्डाच्या बिलाची. इथे भल्याभल्यांची फसगत होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. कार्डाने 800 रुपयांचं काही घेतलं की त्याचा मेसेज येतो आणि ॲप त्याच दिवशी 800 खर्च लिहितं. हे बरोबर आहे, कारण वस्तू त्या दिवशी घेतली. मग कार्डाचं बिल येतं आणि आपण ते बँकेतून भरतो. त्याचाही मेसेज येतो आणि ॲप तेही खर्च म्हणून लिहितं. भाचीच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या 17 तारखेला निघतं आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरायचं असतं. तिने जुलैच्या सुरुवातीला भरलेले 14,350 रुपये हे 18 मे ते 17 जून या काळातल्या खरेदीचे होते. ती खरेदी ॲपने मे आणि जूनच्या खर्चात केव्हाच लिहून टाकली होती. शिवाय बिल तिने दुसऱ्या एका पेमेंट ॲपमधून भरलं, त्यामुळे बँकेच्या मेसेजमध्ये कार्डाचं नाव नव्हतं, त्या पेमेंट ॲपचं होतं. आमच्यासमोरच्या ॲपने ते सरळ "बिलं" या रकान्यात टाकलं.

कार्डाच्या बाबतीत दोनच रस्ते आहेत आणि त्यातला एक धरून राहावं लागतं. एक तर कार्डावरची प्रत्येक खरेदी खर्चात धरा आणि बिलाची रक्कम वगळा. नाहीतर खरेद्या वगळा आणि बिल धरा. दोन्ही धरले तर आकडा दुप्पट होतो. मला पहिला रस्ता बरा वाटतो, कारण कशावर खर्च झाला ते त्यात दिसतं. बिल म्हणजे नुसती एक गोळाबेरीज असते, तिच्यातून काहीच कळत नाही. आम्ही बिलाच्या नोंदीवर जाऊन "खर्चात धरू नये" असं लावलं, आणि पुढच्या वेळी हे नाव आलं की आपोआप तसंच व्हावं असा नियमही करून ठेवला. 71,090 मधून 14,350 गेले, 56,740 उरले.

तिसरी नोंद पाच हजारांच्या एसआयपीची. म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी ही रक्कम ॲपला खात्यातून गेलेला पैसा म्हणूनच दिसते. ती तिची बचत आहे. खर्चातून काढली, आकडा 51,740 वर आला. स्कूटरचा 3,420 रुपयांचा हप्ता मात्र मी खर्चातच राहू दिला. हिशेबाच्या काटेकोर नजरेने हप्त्यातला मुद्दलाचा भाग म्हणजे कर्जफेड आणि फक्त व्याज म्हणजे खर्च. पण पगारात भागवायचं असलेल्या माणसाला ही फोड दर महिन्याला करून काही मिळत नाही. हप्ता चुकवता येत नाही, तेव्हा तो खर्च धरावा हे माझं मत.

चौथी नोंद मैत्रिणींच्या जेवणाची. धरमपेठेत चौघी जेवायला गेल्या, 3,600 रुपये झाले, बिल हिने भरलं. बाकी तिघींनी दुसऱ्या दिवशी आपापले 900 पाठवले. ॲपने 3,600 खर्च लिहिला आणि 2,700 उत्पन्न. तिचा खरा खर्च 900. पाचवी नोंद परत केलेल्या बुटांची. कार्डाने 2,499 चे बूट मागवले, माप चुकलं, परत पाठवले, पैसे कार्डावर जमा झाले. तेही ॲपने उत्पन्नात लिहून ठेवलं होतं. परत आलेला पैसा उत्पन्नात धरायचा नसतो, तो ज्या खर्चापोटी आला त्यातूनच वजा करायचा असतो. 2,700 आणि 2,499 वजा झाल्यावर आकडा आला 46,541.

उत्पन्नाकडे बघा आता. 74,399 मधून पंधरा हजार, 2,700 आणि 2,499 काढले की उरतात बरोबर 54,200. सुरुवातीला वर दिसलेले 20,199 रुपये हेच होते. ही बाजू रुपयाला रुपया जुळली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, कारण आता खर्चाच्या आकड्यावर भरवसा ठेवायला जागा झाली होती.

पण ॲपने दाखवलेल्या नोंदी दुरुस्त करणं वेगळं आणि ॲपला न दिसलेली नोंद सापडणं वेगळं. त्यासाठी ताळमेळच लावावा लागतो, आणि घरच्या हिशेबाचा ताळमेळ दहा मिनिटांत होतो. 1 जुलैला सकाळी, पगार जमा व्हायच्या आधी, दोन्ही खात्यांत मिळून किती पैसे होते आणि 1 ऑगस्टला सकाळी किती, ते पासबुकावरून बघितलं. शिल्लक 1,290 रुपयांनी कमी झाली होती. भाची लगेच म्हणाली, "पाह्य, कमीच झाले." मी तिला कार्डाची थकबाकी काढायला सांगितली. जुलैत कार्डावर नवी खरेदी 12,900 ची, त्यातले बुटांचे 2,499 परत आले, आणि 14,350 चं जुनं बिल फिटलं. म्हणजे कार्डाचं देणं 3,949 रुपयांनी उतरलं होतं. बँकेत 1,290 कमी आणि डोक्यावरचं देणं 3,949 ने कमी, तर ती एकूण 2,659 रुपयांनी वर आली होती. त्याशिवाय पाच हजार एसआयपीत गेले होते. दोन्ही मिळून 7,659. आता 54,200 मधून 46,541 वजा करून बघा, 7,659 च येतात.

दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की कुठली नोंद सुटलेली नाही हे पक्कं समजावं. आकडा जुळला नसता तर जेवढा फरक तेवढी नोंद ॲपच्या नजरेतून सुटली असं म्हणून तेवढ्या रकमेचा शोध घेता आला असता. बँकेतली शिल्लक नुसती बघून माणूस घाबरतो, कारण कार्डाचं देणं पासबुकात दिसत नाही. उलटही होतं, आणि ते जास्त वाईट: खात्यात पैसे भरपूर दिसतात आणि कार्डाचं बिल दाराशी उभं असतं.

जुलैत तिच्याकडून पगाराबाहेर एक रुपयाही गेला नव्हता. ताईचे पाच हजार त्या 46,541 मध्ये धरलेले होते आणि ते धरूनही साडेसात हजारांवर बाजूला पडले होते. तिने त्याच संध्याकाळी माझ्या घरून पाच हजार पाठवले. एका ॲपच्या फुगलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून एखादी मुलगी आईच्या औषधपाण्याच्या पैशांना हात लावायला निघते, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. म्हणूनच हे एवढं खोलात जाऊन लिहिते आहे.

एकूण आकडा बरोबर आला, तरी पैसे कशावर गेले हा प्रश्न उरतोच. ॲप प्रत्येक नोंदीला एखादा रकाना लावतं: किराणा, प्रवास, बाहेरचं खाणं, बिलं. मोठ्या दुकानांचं, पेट्रोल पंपाचं, महावितरणच्या बिलाचं ते बरोबर ओळखतं, कारण नाव स्वच्छ येतं. गोकुळपेठेच्या बाजारातला भाजीवाला आणि गल्लीतला किराणावाला इथे अडचण होते. त्यांच्या क्यूआर कोडवर बऱ्याचदा दुकानाचं नाव नसतं, मालकाचं किंवा त्याच्या बायकोचं किंवा मुलाचं नाव असतं. ॲपला वाटतं हे कुणा ओळखीच्या माणसाला पैसे पाठवले. भाचीच्या ॲपमध्ये "व्यक्तींना पाठवलेले" या रकान्यात घरमालक, आई, मैत्रिणी, भाजीवाली आणि दूधवाला सगळे एकत्र बसले होते. आम्ही नेहमीची नावं ओळखून प्रत्येकाला एकदाच रकाना नेमून दिला. पुढच्या महिन्यापासून ती नावं आपोआप योग्य जागी जाऊ लागली. रकाने मात्र मोजके ठेवावेत. घर, किराणा-भाजी, प्रवास, बाहेरचं खाणं, आईबाबा आणि इतर, एवढे सहा तिला पुरले. ॲप पंचवीस-तीस रकाने देऊ करतं, पण भाजीत कोथिंबीर वेगळी आणि फळं वेगळी लिहायला लागलं की दोन महिन्यांत कंटाळा येतो आणि सगळंच सुटतं.

छोट्या रकमांचं दुखणं वेगळं आहे. सकाळचे तर्री पोहे, दुपारचा चहा, ई-रिक्षा, हे सगळं भाची यूपीआय लाइटमधून देते. यूपीआय लाइटमध्ये आपण आधी खात्यातून थोडे पैसे टाकून ठेवतो आणि छोटे व्यवहार पिन न टाकता त्यातून होतात. बँकेच्या पासबुकात फक्त पैसे टाकल्याची नोंद दिसते, त्यातून पुढे चहाला किती आणि पोह्याला किती गेले हे पासबुकात येत नाही. जुलैत तिच्या खात्यातून पाचशे-पाचशेचे सहा भरणे झाले होते. तीन हजार रुपये, आणि ॲपमध्ये नाव नुसतं "यूपीआय लाइट". त्याचा तपशील हवा असेल तर तो त्या यूपीआय ॲपच्या आतल्या इतिहासात जाऊन बघावा लागतो.

एसएमएसवर चालणाऱ्या ॲपांना आणखी एक फटका बसला. एचडीएफसी बँकेने 25 जून 2024 पासून यूपीआयने पाठवलेल्या 100 रुपयांपर्यंतच्या आणि आलेल्या 500 रुपयांपर्यंतच्या रकमांचे एसएमएस पाठवणं थांबवलं, त्या ईमेलने कळवायला सुरुवात केली. मेसेजच नाही तर ॲप वाचणार काय? अशा खात्याचा खर्च एसएमएसवरून नेहमी कमीच दिसतो. ताळमेळ लावला की तेवढा फरक पडतो, आणि फरक लहान लहान रकमांच्या बेरजेसारखा दिसला तर हेच कारण आधी तपासावं. अकाउंट ॲग्रिगेटरमधून येणाऱ्या नोंदींत या रकमा असतात, कारण त्या खात्याच्या स्टेटमेंटमधून येतात.

रोखीचं काय? भाचीने जुलैत एटीएममधून चार हजार काढले. ॲपला एटीएमपर्यंतचंच दिसतं. कामवाल्या ताईंचे पैसे, बर्डीच्या बाजारातली किरकोळ खरेदी, देवळातलं, हे सगळं त्या चार हजारांत गेलं. रोखीचा रुपयान् रुपया ॲपमध्ये हाताने लिहिणारी माणसं असतील, मी कौतुकच करेन, पण फार दिवस ते टिकलेलं बघितलेलं नाही. आम्ही साधी तोड काढली. काढलेली रक्कम त्या दिवशीच खर्च धरायची आणि "रोख" असं लिहायचं. महिनाअखेरीला पर्समध्ये बरंच उरलं असेल तर तेवढं पुढच्या महिन्यात घ्यायचं. मात्र रोख चार हजारांची आठ हजार झाली तर रकान्यांना अर्थ उरत नाही, कारण बराच खर्च अंधारात जातो. तेव्हा मग लिहावंच लागतं.

आता महिन्याचा प्रश्न. ॲप महिना मोजतं तो कॅलेंडरचा, 1 तारखेपासून 30 किंवा 31 पर्यंत. पगार मात्र तारखेला चिकटून राहत नाही. भाचीच्या कंपनीत पगार 1 तारखेला होतो आणि त्या दिवशी सुट्टी आली तर आधीच्या कामाच्या दिवशी. 2025मध्ये 1 मे ला महाराष्ट्र दिन होता, म्हणून एप्रिलचा पगार 30 एप्रिललाच जमा झाला. 1 जूनला रविवार आला, म्हणून मेचा पगार मेच्या शेवटीच आला. जूनचा पगार 1 जुलैला, मंगळवारी, वेळेवर. आता या तारखा कॅलेंडरवर मांडून बघितल्या तर जून महिन्यात एकही पगार पडत नाही. ॲपने जूनमध्ये उत्पन्न शून्य आणि खर्च भरमसाठ असा तक्ता काढला होता. खरं तर तिच्या आयुष्यात जूनला काहीच वेगळं घडलेलं नव्हतं.

याला उपाय आहे. बऱ्याच ॲपांत महिना कोणत्या तारखेपासून मोजायचा ते ठरवता येतं. 1 तारीख सोडून 28 घेतली, तर 28 मे ते 27 जून या महिन्यात मेअखेरीचा पगार येतो आणि 28 जून ते 27 जुलै मध्ये 1 जुलैचा. पगार दोन दिवस पुढेमागे झाला तरी तो त्याच्या महिन्यातच पडतो. ज्यांचा पगार 7 तारखेला होतो त्यांनी 4 किंवा 5 तारीख धरावी. एकदा ठरवलं की बदलू नये, नाहीतर मागच्या महिन्यांशी तुलना करता येत नाही. भाचीने 28 केली आणि मागचे सहा महिने पुन्हा काढले, तेव्हा शून्य उत्पन्नाचा जून नाहीसा झाला.

तुलनेवरून एक नागपूरची गोष्ट. ॲप दर महिन्याला आधीच्या महिन्याशी तुलना करून इशारे देतं. एप्रिलपासून आमच्याकडे कूलर रात्रंदिवस चालतात. त्याच्या ताट्या बदलायचा खर्च मार्चमध्ये, विजेचं वाढलेलं बिल मे-जूनमध्ये. भाचीने जुलैत भरलेलं 2,180 चं बिल जूनच्या वापराचं होतं, आणि "विजेचा खर्च वाढला" असा लाल इशारा ॲपने दोनदा दिला होता. या शहरात मेची तुलना मागच्या मेशी केली तरच काही कळतं, फेब्रुवारीशी केली तर वाढ दिसणारच. म्हणून निदान एक उन्हाळा आणि एक दिवाळी ॲपमध्ये नोंदून होईपर्यंत त्याच्या सरासरीला मी फार किंमत देत नाही. त्यात स्कूटरचा वर्षाचा विमा, घरभाड्याच्या कराराचा खर्च असे एकदाच येणारे खर्चही पडून गेलेले असतात.

चार महिने स्वच्छ नोंदी झाल्यावर भाचीला एक गोष्ट दिसली जी मला आधी दिसली नव्हती. तिला वाटत होतं की तिचे पैसे चहा-पोह्यात जातात. ते दर महिन्याला तीन हजारांच्या आसपासच राहिले. हलत होता तो कार्डाचा आकडा, आणि त्यातही कार्डाचं बिल निघाल्यानंतरचे सात-आठ दिवस. 18 तारखेला नवं बिलचक्र सुरू झालं की आता घेतलेल्या वस्तूचे पैसे पुढच्या महिन्याच्याही पुढे द्यायचे आहेत हे तिच्या मनात असायचं, आणि ऑनलाइन खरेदी त्याच दिवसांत व्हायची. तिने कार्ड ठेवलं, पण खरेदीच्या ॲपांमध्ये साठवलेला त्याचा नंबर पुसून टाकला. आता प्रत्येक वेळी पर्समधून कार्ड काढून नंबर टाकावा लागतो. डिसेंबरच्या बिलात याचा फरक दिसला, तिने मला स्क्रीनशॉट पाठवला.

परवानग्यांबद्दल तिच्या वडिलांनी विचारलं, आणि त्यांची काळजी योग्य होती. अँड्रॉइडवर एसएमएस वाचायची परवानगी दिली की ॲपला फक्त बँकेचे मेसेज वेगळे काढून मिळत नाहीत, सगळेच वाचता येतात, ओटीपीसकट. गूगलने 2019पासून प्ले स्टोअरवर या परवानगीला चाप लावला आहे, पण पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपांना त्यातून सवलत आहे. तेव्हा ॲप कुणाचं आहे, ते कर्जही विकतं का, हे बघूनच परवानगी द्यावी. कर्ज विकणाऱ्याला तुमचा पगार कोणत्या तारखेला येतो आणि कधी संपतो हे कळणं म्हणजे त्याच्या हातात तुमची नाडी देणं आहे. अकाउंट ॲग्रिगेटरच्या संमतीत कोणत्या खात्याची, कोणत्या काळातली, कशासाठी, किती वेळा आणि कधीपर्यंत माहिती जाणार हे लिहिलेलं असतं, आणि संमती केव्हाही मागे घेता येते. मधला ॲग्रिगेटर ती माहिती स्वतः वाचू शकत नाही, ती कुलूपबंदच पुढे जाते.

भाचीने वडिलांसमोर संमतीचा तो मजकूर उघडला आणि मोठ्याने वाचला. मुदत पाच वर्षांची टाकलेली होती. तिने ती रद्द करून एका वर्षाची नवी दिली, एसएमएसची परवानगी काढून घेतली, आणि एक्सेलमध्ये सगळ्या महिन्यांच्या नोंदी उतरवून त्याची एक प्रत वडिलांना पाठवली. ते आता त्यात ताईच्या पाच हजारांपुढे कशाला गेले ते लिहून तिला परत पाठवतात.